मामाची मांडी

चंदन उगाळल्याचा वास आला की जयनगरातलं भाच्याचं जावळ आठवतं. जन्माचे केस उतरवले की मागच्या जन्माचं सारं उतरतं, अशी समजूत. मूल बसतं मामाच्या मांडीवर. मी पाटावर बसलोही होतो. कोमट पाणी, डोक्याला लावायला चंदन, केस झेलायला आत्याच्या हातात नवं कापड, सगळं तयार होतं. न्हाव्याने जुनाच वस्तरा दगडावर घासला आणि मी भडकलो. "नवं ब्लेड लावा, हात साबणाने धुवा. टाळू भरलेली नाही, तिथे कात्रीच चालवा. हा अडाणीपणा बंद करा." ताईच्या सासूबाई आपल्या कानडी वळणाने म्हणाल्या, "स्वल्प गप्प बस, इथे तुझी सभा नाही. ऊठ." न्हाव्याने निमूट साबणाने हात धुतले, पेटीतल्या दुसऱ्या वस्तऱ्याला नवं ब्लेड लावलं, टाळूवर कात्रीच चालवली. मांडी मात्र आमच्या चुलतभावाची होती. बाळाला ओरखडाही आला नाही. केस तळ्यात सोडायला सगळे गेले, मला कोणी बोलावलं नाही. मी बरोबरच होतो, आजही म्हणतो. भाचा आता पाच वर्षांचा आहे. परवा जावळाचा फोटो पाहून त्याने विचारलं, "मामा, तू कुठे आहेस?" म्हटलं, "फोटोच्या बाहेर, साबण धरून."