चौथा पर्याय, करू नये

आमच्या दुकानात बोर्ड, बॅनर, पत्रकं, जे काय छापायचं असेल ते छापून मिळतं. मी काउंटरला बसते. आत कॉम्प्युटरवर जो माणूस डिझाईन करतो त्याला आम्ही सगळे पर्यायराव म्हणतो, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नाही, यावरून काय ते समजा. चहा घेणार का विचारलं तर म्हणतो, "घेतो. किंवा जेवण झाल्यावर घेतो. किंवा तुम्ही सगळे घ्याल तेव्हा माझाही सांगा." चहावाला तोवर पुढच्या दुकानात पोचलेला असतो.

त्याची बायको एकदा डबा द्यायला आली होती तेव्हा सांगत होती, मुलीचं नाव ठेवायचं तर यांनी तक्ता केला. एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला प्रत्येकाचे फायदे-तोटे. "मुलगी रांगायला लागली तेव्हा नाव ठरलं," ती म्हणाली. "तोपर्यंत आम्ही तिला 'अगं' म्हणायचो." पर्यायराव शेजारीच बसून ब्रशने कीबोर्डच्या फटी साफ करत होता. म्हणाला, नाव एकदा ठेवलं की बदलता येत नाही, म्हणून नीट विचार केला. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. त्याच्या बोलण्यात चुकीचं काही नसतंच, तोच तर वैताग आहे.

असल्या माणसाला गिऱ्हाइकांना ईमेल लिहायचं काम दिलं तर काय होणार? आमच्या शेठनी दिलं. पर्यायरावचा ईमेल उघडला की खाली-खाली सरकवत बोट दुखतं. गिऱ्हाईक विचारतं, बोर्ड कधी मिळेल, आणि हा आधी सांगतो की बोर्ड म्हणजे काय. दोनचार गिऱ्हाइकं कंटाळून गेली तेव्हा शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येतं. शेठ म्हणाले, "आता आणखी एक गिऱ्हाईक तुमच्या प्रवचनाने गेलं, तर त्याच्या मागोमाग तुम्हीही जा. समजलं?" पर्यायराव म्हणाला समजलं. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मुलगी कॉलेजात, बायकोची नोकरी नुकतीच सुटलेली, आणि या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार? मला वाईट वाटलं. मी त्याला तसं सांगितलं नाही, कारण त्याने वाईट वाटण्याचे प्रकार समजावले असते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम आलं.

हे डॉक्टर आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दवाखान्याचा बोर्ड, चिठ्ठ्या, पाकिटं, सगळं आमच्याकडून जातं. माणूस चांगला, पण हल्ली काउंटरला आले की दरपत्रक माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "तुम्हीच वाचून दाखवा, चष्मा गाडीत राहिला." दर वेळी गाडीतच राहायचा. मी मनात म्हणायचे, मोठ्या लोकांचं असंच असतं, त्यांना वाचायला माणसं लागतात.

तर डॉक्टरांची मुलगीही डोळ्यांचीच डॉक्टर झाली, आणि ती आता वडिलांच्या दवाखान्यात बसणार होती. बोर्डवर तिचं नाव घालायचं. डॉक्टरांनी मोबाईलवरून जुन्या बोर्डचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, "फक्त एक ओळ वाढवायची आहे. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम. हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याचा सत्कार करायला हवा.

खरं तर काम दोन मिनिटांचंच झालं असतं, मूळ फाईल असती तर. मूळ फाईलमध्ये अक्षरं वेगळ्या थरावर असतात, मागचं चित्र वेगळ्या थरावर. अक्षरं खोडा, बदला, सरकवा, चित्राला धक्का लागत नाही. पण आमच्या शेठना गेल्या वर्षी साफसफाईचा झटका आला. "या उघड्या फायली फार जागा खातात," म्हणाले, आणि सगळ्या पुसून टाकल्या. ठेवली ती फक्त छापून झालेली सपाट चित्रं, आणि तीही बारीक करून. घरात जागा होत नाही म्हणून भांडी टाकून जेवणाचे फोटो ठेवावेत, तसं. पर्यायराव तेव्हाही काहीतरी समजावत होता. ऐकतंय कोण.

पर्यायरावने डॉक्टरांना ईमेल लिहायला घेतला. मी म्हटलं, "अहो, शेठ काय बोललेत आठवतंय ना? 'करतो' एवढंच लिहा."

"ताई, 'करतो' लिहिलं आणि बोर्ड वाईट झाला तर तेही माझ्यावरच येणार," तो म्हणाला. "त्यापेक्षा थोडक्यात लिहितो."

त्याचं थोडक्यात मी वाचलं. चांगलं होतं, उगाच कशाला खोटं बोलू? लिहिलं होतं की, तुम्ही पाठवलेल्या चित्रात अक्षरं आता अक्षरं राहिलेली नाहीत. ती आणि मागच्या चित्रातली बाग मिळून रंगीत ठिपक्यांचा एकच पत्रा झाला आहे. नवी ओळ बसवायची तर जुन्या दोन ओळी वर सरकवाव्या लागतील, म्हणजे त्या खोडाव्या लागतील, आणि अक्षराखाली बाग शिल्लकच नाही. तिथे भोक पडतं, ते आजूबाजूचे ठिपके बघून अंदाजाने भरावं लागतं. शिवाय असं चित्र जितक्या वेळा बदलून सेव्ह करावं तितका त्यातला बारकावा गळतो, आणि मोबाईलवरून येताना ते एकदा आणखी दाबलं गेलं आहे. जुनी अक्षरं पुसट दिसतील, नवी धारदार, आणि बोर्डच्या आकाराला मोठं केलं की ठिगळ रस्त्यापलीकडून कळेल.

मग अर्थातच पर्याय. एक, तुमच्याकडे मूळ फाईल कुठे जपलेली असेल तर पाठवा, सगळ्यात उत्तम. दोन, बोर्ड नव्याने बनवू, वेळ लागेल, पण पुढे कधीही नाव बदलता येईल. तीन, जुन्या बोर्डला हात न लावता खाली वेगळी पट्टी लावू, तिच्यावर मुलीचं नाव. चार, याच चित्रात ओळ घुसवू. चौथ्यापुढे त्याने लिहिलं होतं, "करू नये. का करू नये ते दिसावं म्हणून नमुना सोबत जोडला आहे."

आणि खरंच त्याने बसून चौथ्याचा नमुना बनवला. वाईट कसं दिसेल हे दाखवायला मन लावून वाईट काम केलं. असला गाढवपणा तोच करू जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचं उत्तर आलं. "चौथा फारच छान. तोच छापा."

मी हसत सुटले. पर्यायराव हसला नाही, खुर्चीत मागे टेकून पडद्याकडे बघत राहिला. मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर चौथा खरंच छान दिसत होता, कारण तेवढ्या आकारात सगळंच छान दिसतं. शेठ मात्र खूश. "बघा, गिऱ्हाइकाला आवडलं. छापा."

"शेठ, तो वाईट नमुना आहे. मी त्यांना परत एक ईमेल करून—"

"आता एकही ईमेल नाही," शेठ म्हणाले. "एक शब्द लिहिलात तर इथूनच घरी."

आता हा माणूस बोलून-चालून भित्रा. मला वाटलं, मान खाली घालून छापून टाकेल. त्याने मशीन लावलं, पण बोर्ड नाही छापला. चौथ्या नमुन्यातला मधला तुकडा, बापलेकीच्या नावांचा, बोर्डच्या खऱ्या आकारात छापला. शेजारी तोच तुकडा नव्याने बनवून छापला. दोन्हींच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ टाकली आणि काउंटरसमोरच्या भिंतीवर दोन्ही चिकटवले. ईमेल करू नका म्हणाले होते, भिंतीबद्दल कुणी बोललं नव्हतं.

डॉक्टर दुपारी आगाऊ पैसे द्यायला येणार होतेच, ते मुलीला घेऊन आले. शेठ केबिनमधून धावत बाहेर आले, भिंत बघितली आणि पर्यायरावकडे असं बघितलं की मी त्याचा डबा बांधून द्यायच्या तयारीला लागले. डावीकडच्या तुकड्यात वडिलांचं नाव पाण्यात भिजल्यासारखं, भोवती बागेच्या हिरव्या रंगाचे डाग, आणि मधोमध मुलीचं नाव कात्रीने कापून डकवल्यासारखं. उजवीकडचा स्वच्छ. काउंटरवरूनही फरक दिसत होता, आणि माझ्या चष्म्याचा नंबर बराच आहे.

डॉक्टर बघत राहिले. रुमाल काढून चष्मा पुसला. परत बघितलं, मान जरा तिरकी करून. परत पुसला.

"दोन्ही सारखेच तर आहेत," ते म्हणाले. "उगाच ईमेल एवढा लांबवलात."

शेठ लगेच म्हणाले, "मी तेच सांगत होतो यांना, साहेब. उद्यापासून हे—"

"एक मिनिट," मुलगी म्हणाली. ती भिंतीकडे बघतच नव्हती, वडिलांकडे बघत होती. "बाबा, डावीकडचं वाचा बरं."

डॉक्टरांनी घडाघडा वाचलं, आपलं नाव, तिचं नाव, दवाखान्याचं नाव. मजकूर त्यांनीच दिला होता, न वाचायला काय झालं?

"आणि खालची ओळ?"

"फोन नंबर आहे तो," डॉक्टर म्हणाले आणि दवाखान्याचा नंबर न अडखळता सांगितला.

खाली लिहिलं होतं, "हा नमुना आहे, छापू नये."

शेठ आपलं 'उद्यापासून' विसरले, हे नोंद करण्यासारखं आहे. मुलीने जवळ जाऊन वडिलांच्या डाव्या डोळ्यावर हलकेच तळहात धरला, दिवसभर पेशंटांना धरत असेल तसाच. मग उजव्या. डॉक्टर शाळेतल्या मुलासारखे उभे होते. "ऑपरेशनं बाहेरच्या डॉक्टरांकडे का द्यायला लागलात ते आत्ता कळलं मला," ती म्हणाली. "मोतीबिंदू आहे, बाबा. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं," डॉक्टर म्हणाले. "तुला आधी दवाखान्यात नीट बसू देत होतो. मग सांगणार होतो." आणि खुर्ची ओढून बसले. मला गाडीत राहिलेला चष्मा आठवला, आणि मी मनात काय काय बोलले होते तेही आठवलं. फार वाईट वाटलं मला.

मुलीने पर्यायरावला विचारलं, "नवीन बनवायला किती वेळ लागेल?" तो सांगायला लागला, कसं लागेल, काय काय लागेल, आणि ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "लागू दे. बाबांना दिसायला लागल्यावरच लावू." शेठ म्हणाले, उत्तम माणूस आहे आमचा, काम समजावून सांगतो. मी हिशेबाच्या वहीत डोकं घातलं, नाहीतर तोंडातून काहीतरी गेलं असतं.

बोर्ड तयार होऊन दुकानात उभा होता तेव्हा डॉक्टरांचा ईमेल आला. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मोबाईलमधले जुने ईमेल काढून वाचले होते बहुतेक, कारण उत्तर पर्यायरावच्या त्याच पहिल्या ईमेलला होतं. "आज तुमचं पत्र शेवटपर्यंत वाचलं. नमुना पाहिला. भयंकर आहे. हे मला तेव्हाच स्पष्ट सांगायला नको होतं का?"

मी म्हटलं, आता बसा, लिहा सविस्तर, कोणत्या ओळीत काय काय सांगितलं होतं ते. शेठही मागे येऊन उभे राहिले, आणि चक्क म्हणाले, लिहा लिहा.

पर्यायरावने कीबोर्ड पुढे ओढला. मग लिहिलं, "सांगायला हवं होतं. बोर्ड बघायला या." आणि पाठवून दिलं.