डेप्युटी की जनरल मॅनेजर?

त्या कोरियन कंपनीच्या कारखान्यात मशीनच्या दुरुस्तीच्या मेल लिहायचं काम तिच्याकडे होतं. वरच्या कोरियन साहेबांना लिहिताना आडनावासोबत हुद्दा लिहायचा, पहिल्या नावाने हाक मारायची नाही, नुसतं मिस्टर चालत नाही. एकाच आडनावाचे तिघे असले तरी हुद्द्यावरून कळतं कोण ते. मेल ज्यांना जाते त्यांच्या यादीत मोठा साहेब आधी, धाकटा नंतर. हे सगळं तिला पाठ होतं आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नसे. ज्याची त्याची रीत.

वैताग होता तो आपल्याच ऑफिस मॅनेजरचा. हा बाबा प्रत्येक मेल आधी स्वतः वाचायचा, मगच पाठवू द्यायचा.

त्या दिवशी तिचा सख्खा मोठा भाऊ, पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरचा ऑपरेटर, येऊन म्हणाला, "अगं, हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर मधेच दगा देतोय. प्रेस बंद ठेवायला परवानगी काढ ना." प्रेस बंद करायची परवानगी प्रॉडक्शनचे कोरियन साहेबच देऊ शकत. तिने लगेच मेल लिहिली, 'डेप्युटी जनरल मॅनेजर' आणि पुढे आडनाव.

मॅनेजरने कपाळाला हात लावला. "अहो, त्यांचं प्रमोशन झालंय म्हणतात. आता ते जनरल मॅनेजर. जुना हुद्दा लिहिला तर अपमान होईल."

"मग जनरल मॅनेजर लिहू?"

"आणि प्रमोशनचं पत्र अजून निघालं नसलं तर? आगाऊपणा दिसेल. एचआरला विचारतो, तोवर थांबा."

"साहेब, सेन्सर बंद पडतोय. फोन तरी करा."

"हुद्दा कळल्याशिवाय फोनवर काय म्हणून हाक मारू?"

तिला तिथेच त्याची शिसारी आली. एचआरवाले मीटिंगमध्ये होते. मेल तशीच पडून राहिली, आणि खाली दादाला सांगितलं गेलं, जरा जपून चालव.

दुपारी प्रेसने त्याची दोन बोटं घेतली.

कोरियन साहेब धावत खाली आले. रक्त पाहून पांढरे पडले. इंग्रजीत विचारलं, मला कुणी सांगितलं का नाही? मॅनेजर वाकून म्हणाला, "सर, मेल तयार होती." काय अडलं होतं ते त्याने गिळलं. तिने मात्र सांगून टाकलं. साहेब मॅनेजरकडे वळले. मग म्हणाले, "तुम्ही मला काहीही म्हणायचं होतं."

त्यावरही त्या निर्लज्जाने बाजूला घेऊन तिला विचारलंच, "त्यांनी हुद्द्याचं काही म्हटलं का हो?" ती तशीच हॉस्पिटलला निघून गेली.

दादा पडून होता, हात पांढऱ्या पट्टीत. तिला पाहून पहिलं बोलला ते हळूच, "मेलमध्ये साहेबांचा हुद्दा चुकला नाही ना तुझा? उगाच माझ्यापायी तुझी नोकरी जायची."