नानांचं क्रियापद

"शिपायाला आदरार्थी लागत नाही," सर म्हणाले, आणि फळ्यावरचं माझं वाक्य बोटानंच पुसायला लागले.

मी सातवीत होते. मराठीचा तास. आदरार्थी बहुवचन शिकवत होते. माणूस एकच असतो, पण मान द्यायचा म्हणून क्रियापद अनेकवचनी वापरायचं. 'मुलगा आला', पण 'वडील आले'. 'बाई आली', पण 'मॅडम आल्या'. सरांनी नीट समजावलं होतं, त्यात काही खोट नाही. मग म्हणाले, एकेकानं फळ्यावर येऊन आपल्या वडिलांवर वाक्य लिहा. कुणी लिहिलं, 'माझे वडील केळीची बाग करतात.' कुणी लिहिलं, 'माझे वडील जळगावला नोकरीला आहेत.' माझी पाळी आली. मी लिहिलं, 'माझे वडील शाळेची घंटा वाजवतात.'

माझे वडील, म्हणजे नाना, त्याच शाळेत शिपाई होते. ते तेव्हा दारातच उभे होते, मुख्याध्यापकांची नोटीस घेऊन. वर्ग हसला. सर आधी दाराकडे बघून हसले, मग फळ्याकडे आले. 'वाजवतात'मधलं 'तात' पुसलं, 'तो' लिहिलं. मग पाहिलं तर वाक्य जुळेना. 'वडील' आणि 'वाजवतो' एका वाक्यात बसत नाही. म्हणून 'वडील' पुसून 'बाप' केलं. मग 'माझे'चं 'माझा' करावं लागलं. एक शेपूट तोडलं तर सगळं अंग बदलावं लागतं. शेवटी फळ्यावर राहिलं : 'माझा बाप शाळेची घंटा वाजवतो.'

मी म्हटलं, "सर, ते माझे वडील आहेत."

"घरी काय म्हणतेस गं त्याला? 'तू'च ना?"

"हो."

"मग?"

सर बरोबरच बोलले होते. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, आणि नानांना मी 'तू'च म्हणायचे. 'नाना, तू जेवना का?' 'नाना, तू कथा चालना?', म्हणजे कुठं चाललास. आमच्या घरात 'तुम्ही' कुणालाच नव्हतं, आज्जीलाही नाही. नाना चौथीपर्यंत शिकलेले. फळ्यावरचं त्यांना वाचता येत होतं. त्यांनी ते वाचलं. नोटीस टेबलावर ठेवली आणि गेले. थोड्या वेळानं घंटा झाली.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. चुलीपुढून न उठता ती म्हणाली, "जाऊ दे माय. त्या मोठा लोक शेतस." मोठी माणसं आहेत ती. नाना भाकरी मोडत राहिले.

सरांच्या 'मग?'चं उत्तर सापडायला मला खूप वर्षं लागली. ते असं आहे. मी नानांना 'तू' म्हणायचे आणि नानाही मला 'तू' म्हणायचे. ये-जा दोन्हीकडून होती. आईला, देवाला, जिवलग मैत्रिणीला आपण 'तू' म्हणतो ते असंच. शाळेत मात्र सगळे नानांना 'तू' म्हणत, आणि नाना सगळ्यांना 'तुम्ही'. तिथं शब्द एकाच बाजूनं खाली उतरायचा. एकाच बाजूनं वर चढायचा. 'तू' वाईट नाही. ज्याला तो परत करता येत नाही त्याला विचारा.

संस्थेच्या अध्यक्षांना गाव आबासाहेब म्हणायचं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याला घरी भय्या म्हणत. नाना त्याला भय्यासाहेब म्हणायचे. सातवीतल्या पोराला. "भय्यासाहेब, पाणी घ्या." आणि तो : "सोपान्या, थंड का नाही आणलंस?" नानांचं नाव सोपान. मोठ्या घरात जन्मते तर सोपानराव झाले असते. आमच्या वस्तीत जन्मले म्हणून सोपान्या. नाव तेच, मागं काय चिकटतं ते जात ठरवते. आमच्या एरंडोलकडच्या गावात जात तोंडावर कुणी विचारत नसे. विचारायची गरजच नसायची. कुणाला 'ये' म्हटलं आणि कुणाला 'या', एवढ्यावरून नव्या माणसालाही कळायचं.

मी शिकले. बीएड केलं. धुळ्याला माध्यमिक शाळेत लागले, मराठी शिकवते. गावी जायचे तेव्हा एक नवीन गंमत दिसायला लागली. गंमत म्हणते, पण हसू आलं नाही कधी. ज्यांनी मला लहानपणी 'ए पोरी' म्हटलं त्यांना आता 'तुम्ही' म्हणवेना, आणि शिक्षिका झालेल्या बाईला 'तू' म्हणायलाही जीभ अडखळायची. मग त्यांनी क्रियापदातला माणूसच काढून टाकला. "कधी येणं झालं?" "जेवण झालं?" "सध्या कुठं असतं राहणं?" माझे जुने सरसुद्धा असंच. स्टँडवर भेटले की, "काय, सुट्टी लागली वाटतं!" मी बसमध्ये बसून विचार करायचे, एका 'तुम्ही'पासून वाचायला ही माणसं किती कष्ट घेतात. त्याचाही थकवा येतो. समोरचा तुम्हाला टाळून बोलतोय हे दर वाक्याला कळणं, हे काम आहे, त्याला पगार नाही.

मग नाना निवृत्त झाले. योगायोग असा की तेच मराठीचे सर त्याच महिन्यात निवृत्त झाले. शाळेनं दोघांचा सत्कार एकाच कार्यक्रमात ठेवला. शाळेची माजी विद्यार्थिनी, आता शिक्षिका, म्हणून मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. नाना आठवडाभर आधीपासून खुशीत होते. पांढरा सदरा इस्त्री करून आणला. आईला म्हणाले, "मी खुर्चीवर बसनार शे." त्या हॉलमध्ये त्यांनी उभं आयुष्य खुर्च्या मांडल्या होत्या.

अध्यक्ष आता भय्या. आधी सरांचा सत्कार. माइकवर भय्या म्हणाला, "सरांनी या शाळेला घडवलं. सर आम्हाला रागावले, पण त्यांनी माया केली. सर, आपण पुढे यावं आणि आमचा सत्कार स्वीकारावा, ही विनंती." सर उठले. शाल, नारळ, फोटो.

मग नानांची पाळी. "सोपाननं आयुष्यभर घंटा वाजवली. सोपान कधी उलटून बोलला नाही. वेळेवर आला, वेळेवर गेला. सोपान, ये. ये, इकडं ये. घे."

शाल तीच होती, एकाच गठ्ठ्यातली. मी व्याकरण शिकवते, त्यामुळं माझ्या कानाला बाकी काही ऐकूच येईना. 'सरांनी', 'सोपाननं'. 'रागावले', 'बोलला'. 'आपण यावं', 'ये'. 'स्वीकारावा', 'घे'. मान देताना मान काढून घेतला, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. नानाही दोन्ही हात जोडून हसत होते.

मला बोलवलं तेव्हा मी कागद आणला होता तो उघडला नाही. म्हटलं, "भय्या, आपण एका वर्गात होतो, म्हणून तुला 'तू' म्हणते."

पुढच्या रांगेतल्या माना वर झाल्या.

"सरांना तू 'आपण यावं' म्हणालास. माझ्या वडिलांना 'ये' म्हणालास. ते तुझ्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी मोठे आहेत. परत बोलव त्यांना. सोपानराव, आपण यावं, असं म्हण."

भय्या हसला. "अगं, सोपान आमच्या घरचाच आहे. आम्ही प्रेमानं म्हणतो."

"घरचे आहेत तर त्यांनीही तुला तसंच म्हणावं," मी म्हटलं. आणि नानांकडं वळले. "नाना, याला म्हण. भय्या, ये. एवढंच."

नाना खुर्चीवरून उठले. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी धरली. मला वाटलं, आता म्हणतील. त्यांचे ओठ हलले. मग ते भय्याकडं बघून, शाळेत बोलायचे त्या शुद्ध मराठीत म्हणाले, "पोरगी आहे साहेब. चुकली. माफ करा."

'करा'. चाळीस वर्षांची सवय त्या एका 'रा'मध्ये होती. मी त्यांना 'तू' म्हणायला सांगितलं होतं आणि त्यांच्या तोंडातून 'तुम्ही'च निघालं. त्यांना दुसरं येतच नव्हतं. वेळेला माणूस जी भाषा शिकवून ठेवली तीच बोलतो.

सर खाली मान घालून नारळाची शेंडी कुरवाळत होते. कुणी तरी राष्ट्रगीत सुरू केलं.

घरी आल्यावर नानांनी शाल घडी करून ठेवली आणि म्हणाले, "तू मनी इज्जत घालाडी. मना एकच दिन व्हता." मी रडले नाही. त्यांचं खरं होतं. तो दिवस त्यांचा होता आणि तो मी मोडला. पण त्यांना ज्या दिवसाची इतकी हौस होती तो दिवसही 'ये' आणि 'घे'चाच होता, हेही खरं. दोन्ही खरं असलं की माणूस फार थकतो.

पंधरा दिवसांनी नानांच्या पेन्शनचे कागद संस्थेत अडले. क्लार्कनं निरोप दिला, भय्यासाहेबांना भेटून जा, जरा नरम घ्या. नाना जायला निघाले. मी म्हटलं, तू नको, मी जाते.

भय्या टेबलामागं होता. मोबाइलवरून नजर काढून म्हणाला, "ये. बस."

मी बसले नाही. म्हटलं, "तू 'बसा' म्हणालास तर मी 'तुम्ही' म्हणेन. तू 'बस' म्हणालास, म्हणून मीही 'तू'च म्हणते. कागदावर सही कर. नाही केलीस तर लेखी कारण दे, मी ते घेऊन वर शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाईन."

त्यानं मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. "फार शिकलीस," म्हणाला. त्यातही 'लीस' होतंच. सही त्या दिवशी झाली नाही. मी वर अर्ज केला, दोनदा धुळ्याहून रजा काढून आले, तेव्हा झाली. 'बसा' तो कधीच म्हणाला नाही. मीही खुर्चीला हात लावला नाही.

नाना अजून त्याला रस्त्यात पाहिलं की थांबतात, साहेब म्हणतात. त्यांना मी आता काही सांगत नाही. ते त्यांचं आयुष्य आहे आणि ते खर्च होऊन गेलंय. पण इथं लिहिताना मी 'नाना आले', 'नाना म्हणाले' असंच लिहिलंय. हे कुणाला विचारून लिहिलेलं नाही.

माझ्यापुरतं ठरलंय. जो मला 'तुम्ही' म्हणेल त्याला 'तुम्ही'. जो 'तू' म्हणेल त्याला 'तू', मग तो अध्यक्ष असो की आमदार. आणि जो मला वाक्यातूनच काढून टाकून विचारेल, कधी येणं झालं, त्याला मी विचारणार : कुणाचं?