पंचफुलाचं मागचं दार

पंचफुला गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. तिची लेक प्रज्ञा बोलत होती. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी बाजारहत्नूरहून निघून नेरडीगोंड्याला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मैत्रिणीचं तोंडही बघायला मिळालं नाही, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हा चहा पिता पिता प्रज्ञानं विचारलं, "मावशी, आई मागच्या दाराची कडी जन्मात काऊन लावू देत नव्हती?"  ते कारण अख्ख्या जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक आता नव्हती.

आम्ही दोघी मास्तरकीच्या ट्रेनिंगला एका खोलीत राहिलो. पंचफुला माझ्यापेक्षा वर्षानं लहान, पण रुबाब थोरल्या बहिणीचा. माझी वेणी घट्ट बसली नाही तर सोडून पुन्हा घालायची, आणि माझ्या तेलुगूची यथेच्छ टिंगल करायची. पुढे नोकऱ्या लागल्या, तिचं लग्न झालं, नवरा नामदेव भाऊजी मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, कारकून. माझ्यामागे मात्र माझ्या भावानं लग्नाचा धोशा लावला. एक बिजवर शिक्षक बघायला येणार असं ठरलं, आणि माझी झोप उडाली. कारण मला पुरुषाची ओढ कधी वाटलीच नव्हती. बाईचीच वाटली होती, पंचफुलाची नव्हे, दुसऱ्या एकीचीच, आणि तीही लग्न होऊन निघून गेली होती. हे कुणाला सांगायचं? याला काय म्हणतात तेही आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी तीन पानं लिहिली, नेरडीगोंड्याच्या स्टँडवर पंचफुलाच्या हातात दिली, "मी गेल्यावर वाच" म्हटलं आणि समोर उभी होती त्या बसमध्ये चढले. बस भलतीकडेच चालली होती.

उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी तिला मनातल्या मनात शंभरदा तोडून टाकलं... ती तोडायच्या आधी. मग निळं अंतर्देशीय आलं. आमच्या शाळेत पत्र आधी हेडमास्तर वाचायचे, मग शिपाई, मग ज्याचं त्याला मिळायचं. म्हणून पंचफुलानं तिन्ही कडांना कणकेची खळ अशी थापली होती की मला ते विळीनं कापावं लागलं. ते पत्र माझ्याजवळ आहे. त्यातलं थोडं लिहिते, कारण ते आता लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

"विमल, तुहं पत्र तीनदा वाचलं आन् चुलीत घातलं, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. यांना सांगितलं नाही, सांगणार बी नाही. ते तुहं आहे, कोणाले सांगायचं, कवा सांगायचं, ते तूच ठरव. तू लिहिलं की मले राग येईन. आला. इतकी वर्षं एकटी घेऊन बसली, त्याचा आला. मले यातलं काही समजत नाही, चुकीचं बोलली तर तिथंच टोकजो. पण अंगारा, डॉक्टर, 'लग्न झालं की होईन नीट', यातलं एक बी माह्या तोंडून निघणार नाही. तिचं नाव सांगायचं असंन तर सांग, नसंन तर राहू दे. पाहुणे येतीन तवा मी येतो, तुह्या बाजूले बसतो. नाही म्हणायचं असंन तर नाही म्हण, कारण काय द्यायचं ते आपण दोघी ठरवू, खरंच सांगावं असं काही नाही. आन् भावानं घराबाहेर काढलं तर माह्या घराचं मागचं दार आहे. आजपासून कडी लावणार नाही. दिवसा ये, कवा बी ये, वाजवू नको. भेटलो की मी पहिल्यासारखीच टिंगल करीन, म्हणून घाबरू नको."

पाहुण्यांच्या दिवशी ती खरंच आली, माझ्या बाजूला बसली, आणि मी नाही म्हटलं. "मला लग्न करायचंच नाही," एवढंच. भावानं महिनाभर धीर धरला आणि एका दुपारी माझी ट्रंक अंगणात ठेवली. मी ती घेऊन नेरडीगोंड्याला गेले, परसातून आत शिरले, दार नुसतं ढकललं. पंचफुला दाराशी पाटावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं, थोडी सरकली आणि निम्म्या शेंगा माझ्यापुढे ओतल्या. आठ महिने राहिले मी तिथं. भाऊजींनी कधी चकार शब्द विचारला नाही, आणि मला मात्र सतत वाटायचं, यांना कळलं असेल, हिनं सांगितलंच असेल. ही शंका मी वीस वर्षं बाळगली. मी खोली घेऊन बाजारहत्नूरला गेले तरी त्या दाराची कडी लागली नाही. कुत्र्यानं भाकरी नेल्या, एकदा कुणी पितळेची घागर नेली, भाऊजींनी आरडाओरडा केला. पंचफुला ढिम्म.

प्रज्ञाचा प्रश्न मी टाळला. मग तिनं आणखी एक सांगितलं. आई गेल्यावर प्रज्ञाच्या नवऱ्यानं मागच्या दाराला नवी जाड कडी बसवून घेतली. दिवेलागणीला ती लावायची, आणि सकाळी बघावं तर उघडी. रोज. प्रज्ञाला वाटायचं बाबा झोपेत काढतात, बाबांना वाटायचं लेक काढते. दोघं एकमेकांना जपत होते, म्हणून बोलत नव्हते.

त्या संध्याकाळी मी स्वतः कडी लावली, दोनदा ओढून पाहिली आणि दाराला लागूनच अंथरूण टाकलं. पहाटे पायांना गार वारा लागून जाग आली. दार हातभर उघडं होतं. कडी खाली लोंबत होती, हलत नव्हती. आणि दाराशी, नेहमीच्या जागी, तिचा बसायचा पाट मांडलेला होता. तो रात्री भिंतीला टेकवलेला मी पाहिला होता. तुरीच्या ओल्या टरफलांचा वास येत होता, आणि तुरीचे दिवस नव्हते. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. "पंचफुला, मी आले ना गं," असं काहीतरी पुटपुटले.

कार्यक्रम झाल्यावर भाऊजी परसात एकटे बसले होते. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं, बिजवर, ती, पत्र, दार. वीस वर्षांत पहिल्यांदा मी ते दुसऱ्या माणसाला माझ्या तोंडानं सांगत होते. 

भाऊजी म्हणाले, "मले तिनं इतकंच सांगितलं होतं, विमलबाई, की एकीले कवा तरी यावं लागन. मी म्हटलं, कोन? तर म्हने, ते तिचं तिनं सांगावं. तुमी ट्रंक घेऊन आल्या तवा मले समजलं, कोन ते. काऊन, ते आज समजलं."

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

"इचारून काय... ती सांगत नसे. घागर गेली तरी नाही सांगितलं." मग डोळे पुसत म्हणाले, "आता तुमी सांगितलं ना. मंग लावू का कडी?"

मी हो म्हटलं. त्यांनीच लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले आणि आधी दाराशी गेले. कडी लागलेली होती. पाट भिंतीला टेकलेला. कसलाही वास नाही. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. पण फोन आला त्या दिवशी रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. तिनं ज्यासाठी दार धरून ठेवलं होतं ते, माझं मी सांगणं, झालं होतं, आणि ती आता खरंच गेली होती.

बाहेर उजाडत होतं, आणि मला तिला एवढ्यात जाऊ द्यायचं नव्हतं. प्रज्ञा उठायच्या आत मी पाट दाराशी मांडला आणि कडी काढली.