चारशे सत्तरचा तक्ता

मुलुंडच्या आमच्या गाळ्यात पंपांचे कंट्रोल पॅनल बनतात. तपासणीचं टेबल माझं. भिंतीवर मी एक तक्ता लावला होता: कोणत्या दिव्याला कोणता रेझिस्टर, म्हणजे वीज आवरून धरणारा तुकडा. लाल एलईडीसमोर चारशे सत्तर ओहम. सगळ्या बायका तो पाहूनच सोल्डरिंग करायच्या.

त्या आठवड्यात एक नवी आली होती. नवऱ्याची नोकरी गेलेली, घरी दोन मुलं. महिनाभर बघू, मग ठेवू, असं शेठ म्हणाले होते. हात स्वच्छ होता तिचा. तिने सहा पॅनल जोडले. पहिल्याला मी सप्लाय दिला. लाल दिवा नको तेवढा झगझगीत लागला आणि थोड्याच वेळात जळका वास आला. रेझिस्टर काळा पडला होता. बाकीचे पाच मी लावलेच नाहीत.

शेठ वासावर आले. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले तिला. ती खाली मान घालून एवढंच बोलली, "तक्त्यात होतं तेच लावलं."

मी ऑर्डरचा कागद काढला. सप्लाय चोवीस व्होल्ट. आम्ही वर्षानुवर्षं बारावर काम करत आलो, म्हणून तक्त्यात व्होल्ट लिहायचं मला कधी सुचलंच नव्हतं. बारातून दिव्याचे दोन गेले की दहा उरतात. चारशे सत्तरमधून एकवीस मिलिअँपिअर जातात, चालतं. चोवीसातून बावीस उरतात, म्हणजे सत्तेचाळीस. दिव्याची मर्यादा वीसच्या आसपास. पाव वॅटची उष्णता सोसणाऱ्या रेझिस्टरवर एक वॅट पडला, तो जळणारच.

"शेठ, तक्ता मी लिहिलाय," मी म्हटलं. "चूक माझी."

"मग तुम्हाला काढू?"

"काढा. पण आधी हे सहा पॅनल कोण नीट करणार ते सांगा."

ते पुटपुटत केबिनमध्ये गेले. त्यांच्याकडे तो होकार असतो.

मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिला गणित मांडायला लावलं. दिव्याला दहा मिलिअँपिअर पुरे, म्हणजे शून्य पूर्णांक शून्य एक अँपिअर. चोवीसातून दोन वजा, बावीस, भागिले ते. तिने दोनदा तपासून उत्तर लिहिलं: बावीसशे ओहम. मी डब्यातून पाव वॅटवाला काढत होते, तर ती म्हणाली, "ताई, हा पण तापेल ना? बावीस गुणिले तेच अँपिअर केलं तर पाव वॅटच्या जवळच जातंय."

मी हातातला परत टाकला आणि अर्ध्या वॅटचे काढले.

तक्ता तिनेच नव्याने लिहिला. पहिला रकाना व्होल्टचा. महिना झाल्यावर शेठनी तिला ठेवलं. आता तिच्यापुढे कोणी पॅनल ठेवला की ती सोल्डरिंग गन खाली ठेवते आणि आधी विचारते, "किती व्होल्ट?" परवा शेठनाही विचारलं. त्यांना कागद बघायला परत जावं लागलं.