जो बोंबलला, तो जगला

योगराज ट्रकवर अफू खायचा. ती सोडवताना जळगावच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरनं त्याच्या आईला, कुंदाबाईला सांगितलं होतं, "हाल फार होतील, पण यानं सहसा कुणी मरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, मग आठवड्यात उतार. पाणी मात्र पाजत राहा." तसंच झालं. पोरगा जांभया देत, नाक गाळत, उलट्या-जुलाबानं लोळला, "माय, मारून टाक मले" म्हणून ओरडला, आणि आठवड्यानं भाकर मागू लागला.

म्हणून नवऱ्यानं, चुडामणनं, रोजची दारू मुक्ताईची शपथ घेऊन एका झटक्यात सोडली तेव्हा कुंदाबाई निर्धास्त होती. ना ओरडणं, ना लोळणं. पहिल्या दिवशी हात थरथरले, घाम फुटला, एवढंच. दुसऱ्या दिवशी तो कोऱ्या भिंतीपुढे हात जोडून म्हणाला, "मुक्ताई आली." अंगात आलं समजून त्यांच्या असोदा गावच्या बायांनी कुंकू लावलं, आरती धरली. आरती संपायच्या आत त्याला झटके आले. पुढे तापानं फणफणत, बरळत त्यानं दवाखान्यात जीव सोडला.

"दारूचं वेगळं असतं, बाई," तोच डॉक्टर म्हणाला. "रोज पिणाऱ्याची ती अचानक तोडली तर जीवही जाऊ शकतो. ती दवाखान्यात, औषधं देऊन सोडवतात."

कुंदाबाईनं पदर तोंडाशी नेला नाही. "जो बोंबलला त्याले आम्ही तुमच्याकडे आणलं," ती म्हणाली. "जो गप बसला त्याले ओवाळत बसलो."