बिडाचा पाइप आणि सायकलची ट्यूब

लोक विचारतात, एवढी वर्षं संडासाचे पाइप जोडलेस, कधी किळस नाही आली? आली, एकदा आली. पण ती माझीच मला आली, आणि अजून गेलेली नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा इथं सरकारी क्वार्टर बांधले गेले. दोन मजली, खाली एक बिऱ्हाड, वर एक. त्यांचे सांडपाण्याचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पाइप माझ्या उस्तादांनी बसवलेले. बिडाच्या पाइपाला एका टोकाला रुंद तोंड असतं. दुसऱ्या पाइपाचं सरळ टोक त्यात उतरवायचं, मधल्या फटीत ताग ठोकायचा, वरून वितळलेलं शिसं ओतायचं आणि छिन्नीनं दाबून दाबून घट्ट करायचं. हा सांधा तीस-पस्तीस वर्षं थेंब सोडत नाही. मी उस्तादांच्या हाताखाली हे शिकलो खरं, पण माझ्या वाट्याला प्लॅस्टिकचे दिवस आले. शिशाची भट्टी नको, धूर नको. मला वाटायचं, उस्तादांपेक्षा मी हुशार निघालो.

दुष्काळाचं ते वर्ष होतं. नळाला पाणी नव्हतं, आठ-आठ दिवसांनी टँकर यायचा. अशात एका क्वार्टरचा पाइप खालच्या मजल्यावर उभा तडकला. खाली दवाखान्यातल्या सिस्टरबाई राहायच्या. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ बारा दिवसांचं. पाइप मागच्या मोरीच्या कोपऱ्यातून जायचा, आणि जागा नाही म्हणून त्याच्याच शेजारी त्यांचं पाण्याचं टिपाड होतं, वर धोतराचा कपडा बांधलेलं. त्या एका टिपाडावर तिघांचे आठ दिवस चालायचे.

काम अवघड नव्हतं. वरचं बीड भिंतीला क्लॅम्पनं धरून ठेवायचं, नाहीतर कापलं की सगळा भार खाली येतो. मग शिशाच्या सांध्याखाली सरळ भागात कापायचं, खालचा तडकलेला तुकडा काढायचा, त्या जागी प्लॅस्टिक लावायचं. दोघांना जोडायला रबराची कपलिंग असते, वरून स्टीलच्या पट्ट्या. पण बीड बाहेरून प्लॅस्टिकपेक्षा जाड, म्हणून कपलिंग दोन मापांची लागते, एक तोंड मोठं, एक लहान. दुकानात तशी नव्हती. दुकानदार म्हणाला, "नांदेडला भेटंल, परवा मागवून देतो." माझ्याकडे तेवढा दम नव्हता. दुसरीकडं एक काम लागलेलं होतं. मी बिडाच्या मापाची, दोन्ही तोंडं सारखी असलेली कपलिंग उचलली आणि प्लॅस्टिकच्या टोकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून माप भरून काढलं. पट्ट्या आवळल्या. वरून बघितलं तर काम झकास दिसत होतं.

काम झालं की वरून दोन बादल्या ओतायच्या आणि सांध्यावर कोरडा हात फिरवायचा, ही उस्तादांची शिस्त. मी सिस्टरबाईंना म्हणालो, "असल्या दिवसात दोन बादल्या गटारात घालणं पाप हाय बाई." त्यांना माझं कौतुक वाटलं. म्हणाल्या, "खरंय दादा, तुम्हाला कळतंय."

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. आदल्या दिवशी टँकर येऊन गेला होता. वरच्यांनी आठवड्याचे कपडे धुतले, मोठं पाणी एकदम खाली आलं. ट्यूबची पट्टी जिथं एकावर एक येत होती तिथं बारीक फट राहिली होती. त्यातून पाणी झिरपलं, स्टीलच्या पट्टीवरून टपकलं आणि थेट टिपाडाच्या कपड्यावर पडत राहिलं. कपड्यातून गाळून आत. सकाळी वास आला तेव्हा त्याच पाण्यातून बाळाची आंघोळ झालेली होती.

मी गेलो. लेक आत बाळाला कुशीत घेऊन बसली होती, माझ्याकडे बघतही नव्हती. सिस्टरबाई टिपाड मोरीत रिकामं करत होत्या आणि रडत होत्या. "दादा, असं कसं झालं?" त्यांनी विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी बोललो. वर शिशाच्या सांध्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "जुना सांधा हाय बाई. त्यो गळून राहिलाय. माझं काम खालचं."

मला वाटलं, विषय संपला. पण जुने सांधे कोणी केले हे क्वार्टरमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरबाईंनी माणूस पाठवून उस्तादांना बोलावून घेतलं. ते आले तेव्हा मी अजून तिथंच होतो. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले. बाईंनी दारातच त्यांना सुनावलं, "चाचा, तुमच्या कामापायी माझ्या नातवाला गटाराचं पाणी लागलं." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारी उभा. उस्तादांनी पाइप वरपासून खालपर्यंत बघितला. त्यांनी चुलीतली मूठभर राख मागितली.

स्टुलावर चढून त्यांनी शिशाच्या सांध्याला सगळीकडून राख चोळली आणि मला वर पाठवून दोन तांबे ओतायला लावले. मी परत आलो तर राख कोरडी, जशी लावली तशी. मग त्यांनी माझ्या कपलिंगखाली हात फिरवला. हात ओला निघाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. बाई आत बाळाकडे गेल्या होत्या. उस्तादांनी वरच्यांना पाणी सोडू नका म्हणून हाक दिली, पट्ट्या ढिल्या केल्या, रबराची खालची कड वर दुमडली. काळी ट्यूब दिसली. ती त्यांनी बोटानं सोडवून काढली, गुंडाळली आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात घातली.

"नांदेडला जा," ते हळूच म्हणाले. "दोन मापाची घिऊन ये. बीड घासायचं, गंज न्हाई ऱ्हायला पायजे. दोन्ही टोकं रबरातल्या मधल्या कडेला टेकली पायजेत. पट्ट्या एक हिकडची, एक तिकडची, सारख्या आवळायच्या. आन प्लॅस्टिकलाबी भिंतीत क्लॅम्प मार, रबरावर वजन टाकू नगं." जणू मी आजच शिकायला आलो होतो.

बाई बाहेर आल्या. उस्तादांनी रुमालानं हात पुसला. "बाई, जुनं काम माझंच हाय," ते म्हणाले. "ह्या पोराला बोल लावू नगा. त्यो नीट करून दील उद्या."

मी तोंड उघडायला हवं होतं. पण पुढच्या सहा क्वार्टरची कामं मलाच मिळणार होती, आणि चारचौघांत नाव गेलं असतं. मी पाइपाकडे बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून कपलिंग आणून उस्तादांनी सांगितलं तसं बसवलं. या वेळी दोन बादल्या ओतल्या, वापरलेल्याच पाण्याच्या. सांधा कोरडा राहिला. उस्तादही बघायला आले होते, दाराबाहेर पायरीवर बसून. सिस्टरबाई शेजारून उसनं पाणी आणून चालवत होत्या, घरात एकच कळशी होती. त्यांनी तिच्यातून पेला भरला, उस्तादांना ओलांडून बाहेर अंगणात माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "घ्या दादा, तुम्ही धावून आलात म्हणून."

उस्तादांनी मान फिरवली. मी तो पेला घेतला, आणि सगळा प्यालो.